टोटल जुळलं तरी उत्तर चुकलं: अंडररायटिंगमधला माझा घोळ

अंडररायटिंगचं गणित मी परीक्षेत पहिल्यांदा सोडवलं तेव्हा टोटल अगदी बरोब्बर जुळलं होतं, म्हणून खुशीत बाहेर पडलो, रंकाळ्यावर जाऊन मिसळ पण हाणली. मग हॉस्टेलवर एका सिनियर दादाला आकडे सांगितले तर तो म्हणाला, "अरे भावा, पाचास तीन करायचं होतं की, तू काय केलंस?" अजून आठवलं की पोटात गोळा येतो. त्यामुळं मार्क्ड, अनमार्क्ड म्हणजे काय हे तुम्हाला येतंय असं धरतो आणि सरळ त्या खड्ड्याकडंच येतो.

एक केस घ्या. १० रुपयांचे १,००,००० शेअर, सगळे पैसे एकदमच भरायचे. अंडररायटर तिघं: अ ने ५०,००० घेतले, ब ने ३०,०००, क ने २०,०००. अर्ज आले ८०,००० शेअरचे, म्हणजे २०,००० पडून. अर्जावर अ चा शिक्का असलेले २२,०००, ब चे १०,०००, क चे २४,०००. बाकी २४,००० वर कुणाचाच शिक्का नाही.

हे बिनशिक्क्याचे २४,००० मूळ प्रमाणात, ५:३:२ नं वाटायचे. काही पुस्तकांत आधी मार्क्ड वजा करून उरलेल्या प्रमाणात वाटतात, प्रश्नात तसं लिहिलं असेल तरच ते करा, नाहीतर मूळ प्रमाण. अ ला १२,०००, ब ला ७,२००, क ला ४,८००. वजाबाकी केली की अ कडं १६,००० राहतात, ब कडं १२,८००, आणि क चं उत्तर येतं उणे ८,८००.

आता इथं लोक तीन प्रकारे मरतात. पहिला क समोर नुसतं शून्य लिहून पुढं जातो. त्याचं टोटल २८,८०० येतं, न खपलेले शेअर मात्र २०,०००च, म्हणजे चूक लगेच कळते. दुसरा ते ८,८०० परत ५:३:२ नं वाटतो, क ला पण १,७६० देतो आणि टोटल २१,७६० येतं. हेही सापडतं.

तिसरा मी. माझ्यासमोर अ चे १६,००० आणि ब चे १२,८०० होते, मला वाटलं उरलेल्या जबाबदारीच्याच प्रमाणात वाटूया, ५:४ नं, लई लॉजिकल वाटलं. अ ११,१११, ब ८,८८९. बेरीज? २०,०००! टोटल जुळलं की माणूस परत बघत नाही, तिथंच फसलो. बरोबर उत्तर ५:३ नं येतं, म्हणजे क ला वगळून अ आणि ब चं मूळ प्रमाण: अ चे ५,५०० कमी होऊन १०,५००, ब चे ३,३०० कमी होऊन ९,५००. बेरीज परत २०,०००च.

कारण असं की जोखीम सही करताना ५:३ नं घेतली होती. ब नं नंतर अर्ज कमी आणले म्हणून त्याला क च्या जादा अर्जांतला मोठा वाटा कशाला द्यायचा? तसं केलं तर कमी काम करणाऱ्याला बक्षीस दिल्यासारखं होतं. म्हणून टोटल जुळणं एवढी तपासणी पुरत नाही, ८,८०० खाली भागिले ८ लिहिलंय की भागिले ९ ते बघायचं. पुस्तकातल्या गणितात बहुतेक वेळा आकडे पूर्ण येतात, वाटणीत ४,८८८.८९ असलं काही दिसलं तर थांबा, पेन खाली ठेवा.

झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या "एका पानात अंडररायटिंग" टाइप नोट्सबद्दल माझं मत वाईट आहे. त्यात सरप्लस "रेशोनं वाटा" एवढंच असतं, कुठला रेशो ते नाही. माझ्या नोट्समध्ये पण तेवढंच होतं. घाबरू नका पण, एकदा हातानं तक्ता काढला की डोक्यात बसतं, मला तीन वेळा काढायला लागला.

कमिशन त्यामानानं सोपं आहे, फक्त ते निव्वळ जबाबदारीवर काढू नका, कमिशन मूळ अंडरराइट केलेल्या शेअरच्या इश्यू प्राइसवर असतं. शेअरला कायद्यानं कमाल ५ टक्के, आर्टिकल्समध्ये त्याहून कमी दर असेल तर तो. ५ टक्के धरले तर अ २५,०००, ब १५,०००, क १०,०००. क ला एकही शेअर घ्यावा लागला नाही तरी त्याचे १०,००० मिळतात, कारण पैसे जोखमीचे आहेत. मला हे पहिल्यांदा अन्यायच वाटलं होतं.

शेवटी अ कडून १,०५,००० येणे, त्यातून २५,००० वजा, म्हणजे ८०,०००. ब चे ९५,००० वजा १५,०००, ते पण ८०,०००. दोघांचे सारखे आले बघून चुकलं वाटेल, तो फक्त या आकड्यांचा योगायोग आहे, खोडू नका. क ला कंपनी १०,००० देणार. बँकेत निव्वळ १,५०,००० यायला पाहिजेत, म्हणजे २,००,००० वजा ५०,००० कमिशन. पण हा ताळा सुद्धा माझ्या ५:४ च्या चुकीला पकडत नाही बरं का, ११,१११ आणि ८,८८९ घेऊन बघा, तिथं पण १,५०,०००च येतात.