या चुका टाळा: कॉल अडखळतो म्हणून टीसीपी-यूडीपीची गल्लत करू नका

लातूरमधल्या एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी सातच्या सुमाराला एकाच लाइनवर दोन वेगळी कामं चालू असतात. काही मुलं शंकासमाधानाच्या व्हिडिओ कॉलवर असतात, बाकीची लेक्चरच्या मोठ्या फाइल उतरवून घेत असतात. कॉल अडखळला आणि डाउनलोडही रेंगाळलं की दोन्हींचं निदान एकच होतं, 'पॅकेट लॉस आहे', म्हणजे माहितीचे तुकडे वाटेत हरवतायत, आणि मग राउटरमध्ये दिसेल ती सेटिंग बदलली जाते. कॉल सहसा यूडीपीवरून जातो आणि फाइल सहसा टीसीपीवरून; नेटवरून पॅकेटं पाठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत. त्यामुळे हरवलेलं पॅकेट या दोन कामांना अगदी वेगळ्या तऱ्हेनं त्रास देतं. तो फरक लक्षात न घेता केलेला उपाय बऱ्याचदा दुखणं वाढवतो.

चूक १: दोन टक्के लॉस म्हणजे दोघांचं सारखंच नुकसान, असं धरणं

कॉलमधला आवाज साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. दोन टक्के लॉस असेल तर सेकंदाला सरासरी एक तुकडा गळतो. ओपस हा कॉलमध्ये सर्रास वापरला जाणारा कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवणारा आणि पलीकडे उलगडणारा प्रोग्राम, आजूबाजूच्या आवाजावरून ती २० मिलिसेकंदांची फट भरून काढतो. त्याला शक्य झालं तर पुढच्या पॅकेटमध्ये मागच्या तुकड्याची हलकी प्रतही पाठवलेली असते. ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. यूडीपी हरवलेलं पॅकेट स्वतःहून परत मागत नाही आणि कॉलला तेच हवं असतं, कारण 'नमस्कार'मधला 'स्का' अर्ध्या सेकंदानं येऊन काहीच उपयोगाचा नसतो. एका बाजूनं दुसरीकडे पोहोचायला लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असला की संभाषण सहज वाटतं. त्याहून बराच वाढला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

आता ७०० एमबीची झिप फाइल घ्या. एका टीसीपी पॅकेटमध्ये साधारण १४६० बाइट मजकूर मावतो, म्हणजे ही फाइल सुमारे ४ लाख ८० हजार पॅकेटांत येते. त्यातली दोन टक्के, म्हणजे साडेनऊ हजारांहून जास्त पॅकेटं गळणार. इथे अंदाजानं फट भरता येत नाही. एक बाइट जरी चुकला तरी झिप उघडताना त्या भागाची तपासणी फसते. म्हणून टीसीपी प्रत्येक बाइटचा हिशेब ठेवतो, पोच मागतो, न पोहोचलेलं पुन्हा पाठवतो आणि सगळं क्रमानं जोडूनच पुढे देतो.

फाइल पूर्ण येते, पण वेळेची किंमत मोजून. पॅकेट गळलं की टीसीपी त्याचा अर्थ 'रस्ता भरलाय' असा लावतो आणि वेग कमी करतो. जाऊन-येऊन ८० मिलिसेकंद लागत असतील आणि लॉस दोन टक्के असेल, तर पारंपरिक टीसीपीच्या सूत्रानं एका कनेक्शनला सुमारे सव्वा एमबीपीएस वेग मिळतो, लाइन १०० एमबीपीएसची असली तरी. जी फाइल मिनिटभरात यायची तिला सव्वा तास लागतो. आजचे काही सर्व्हर नव्या पद्धती वापरून याहून बरा वेग देतात, पण रोख तोच राहतो. म्हणून कॉल ठीक आणि डाउनलोड मात्र कासवगतीनं, असं चित्र दिसलं तर लाइनमध्ये लॉस असू शकतो हे आधी मनात आणा. प्लॅनचा वेग वाढवून तो लॉस जात नाही.

चूक २: सुरक्षेसाठी फायरवॉलमध्ये यूडीपी बंद करणं

सर्वात जास्त नुकसान या चुकीनं होतं, आणि तिचा संशयही सहसा येत नाही. मुलांनी गेम खेळू नयेत म्हणून वसतिगृहात किंवा अभ्यासिकेत संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधण्यापुरता पोर्ट ५३ सोडून बाकी सगळं यूडीपी अडवलं जातं. कॉल तरीही लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण तो आता टीसीपीच्या पोर्ट ४४३ वरून चाललेला असतो. कॉलची ॲप यूडीपी न मिळाल्यास हा शेवटचा मार्ग धरतात.

त्यात काय होतं ते नीट पाहू. फक्त आवाजाचा कॉल आहे, जाऊन-येऊन ८० मिलिसेकंद लागतात, आणि एक पॅकेट गळलं. पलीकडचं यंत्र 'मधलं आलं नाही' असं तीनदा कळवेपर्यंत टीसीपी साधारणपणे पुन्हा पाठवत नाही. मागची तीन पॅकेटं २० मिलिसेकंदांच्या अंतरानं पोहोचायला ६० मिलिसेकंद जातात. मग तो निरोप उलटा यायला ४० आणि नवं पॅकेट जायला ४०. म्हणजे तो तुकडा १४० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तोवर मागून सुखरूप आलेली पॅकेटं ॲपच्या हाती दिलीच जात नाहीत. एक वारकरी मागे राहिला म्हणून अख्खी दिंडी खोळंबावी, तसं. दुसऱ्यांदा पाठवलेलंही गळलं तर टायमर संपण्याची वाट पाहावी लागते. लिनक्समध्ये तो किमान २०० मिलिसेकंदांचा असतो, त्यात प्रवासाचा वेळ मिळवला जातो आणि प्रत्येक अपयशानंतर तो दुप्पट होतो. दोन-तीन वेळा असं झालं की कॉल सेकंदभर सहज गोठतो.

लक्षणावरून हे ओळखता येतं. यूडीपीवर लॉस असेल तर आवाज खरखरतो, एखादं अक्षर गळतं, चित्र धूसर होतं, पण बोलणं चालू राहतं. टीसीपीवर असेल तर आवाज स्वच्छ असतो, मग एकदम थांबतो, आणि साचलेले शब्द घाईघाईनं एकापाठोपाठ येतात.

खात्री करायची असेल तर क्रोममध्ये कॉल चालू असताना दुसऱ्या टॅबमध्ये हे उघडा:

```
chrome://webrtc-internals
```

तिथे `transport` मध्ये `selectedCandidatePairId` दिसेल. त्या जोडीचा `local-candidate` शोधा आणि त्याचं `protocol` पाहा. तिथे `tcp` असेल तर निदान झालं. `candidateType` जर `relay` असेल तर `protocol` वर भिस्त ठेवू नका, `relayProtocol` बघा. तिथे `tcp` किंवा `tls` असणं म्हणजेही कॉल टीसीपीच्याच गाडीत बसलेला आहे.

उपाय म्हणजे सगळं यूडीपी मोकळं सोडणं नव्हे. आतून बाहेर जाणारे एवढे पोर्ट उघडले की बहुतेक काम भागतं:

```
Google Meet : UDP 3478
Teams       : UDP 3478-3481
Zoom        : UDP 8801-8810
```

बाहेरून आत येणारा कुठलाही पोर्ट उघडायची गरज नाही. आतून सुरू झालेल्या संवादाचं उत्तर राउटर आपोआप आत घेतो. बदल केल्यावर कॉल बंद करून पुन्हा लावा, कारण चालू कॉल बऱ्याचदा जुन्याच मार्गावर राहतो. कॉलसाठी व्हीपीएन वापरत असाल तर तोही यूडीपीवर ठेवा, नाहीतर सगळा कॉल पुन्हा टीसीपीतच कोंबला जातो.

चूक ३: स्पीड टेस्ट चांगली आली म्हणून लाइन निर्दोष समजणं

ब्राउझरमधली स्पीड टेस्ट प्रामुख्यानं टीसीपीची अनेक कनेक्शन एकदम उघडून वेग मोजते. गळालेली पॅकेटं मागच्या मागे पुन्हा पाठवली जातात, त्यामुळे आकडा चांगला दिसू शकतो. कॉलला तेवढा वेग लागतही नाही. त्याला पॅकेटं सारख्या अंतरानं यायला हवी असतात.

आधी घरातलं दुखणं आणि बाहेरचं दुखणं वेगळं करा. iperf3 हे मोजमापाचं साधन दोन यंत्रांवर टाकून घ्या. राउटरला तारेनं जोडलेल्या संगणकावर पहिली ओळ चालवा, वायफायवरच्या लॅपटॉपवर दुसरी. पत्ता त्या तारेवरच्या संगणकाचा घाला:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.10 -u -b 2M -t 30
```

शेवटी जिटर, म्हणजे पॅकेटं येण्याच्या वेळेतली कमीजास्त, आणि हरवलेल्या पॅकेटांचं प्रमाण येतं. एकाच इमारतीत लॉस शून्याच्या आसपास आणि जिटर काही मिलिसेकंदांत हवा. जिटर मोठा आणि लॉस कमी दिसला तरी वायफायला क्लीन चिट देऊ नका. वायफाय स्वतःच्या पातळीवर हरवलेली फ्रेम पुन्हा पाठवतं, त्यामुळे खराब सिग्नल आधी लॉस म्हणून दिसतच नाही, उशीर म्हणून दिसतो. इथे दोष निघाला तर ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरा किंवा कॉलचं यंत्र तारेवर घ्या. इथे सगळं नीट असेल आणि तरी कॉल बिघडत असेल, तर बाहेरची लाइन किंवा खेड्यात असाल तर गच्चीवरची रेडिओ लिंक तपासायला सांगा.

चूक ४: कॉलच्या वेळी अपलोड चालू ठेवणं

टीसीपी रस्ता भरेपर्यंत वेग वाढवत जातो, तो त्याचा स्वभावच आहे. समजा अपलोड २ एमबीपीएस आहे आणि राउटरच्या रांगेत २५६ केबी मावतात. कुणाच्या मोबाइलचा फोटो बॅकअप सुरू झाला की ती रांग भरते, आणि ती रिकामी व्हायला साधारण एक सेकंद लागतो. कॉलचं पॅकेट त्याच रांगेच्या शेवटी उभं राहतं. काहीच हरवलेलं नसतं, तरी कॉल कोलमडतो.

तपासणी सोपी आहे. बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर सतत पिंग चालू ठेवा आणि मग मोठी फाइल अपलोड करा. ४० मिलिसेकंदांचा आकडा ८०० वर गेला तर रांग हेच कारण. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर असेल तर त्यात एसक्यूएम ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय सुरू करून `cake` निवडा. मग मोठ्या फाइलची रांग आणि कॉलची रांग वेगळी राहते. थोडा वेग सोडावा लागतो, पण आमच्या मते हा सौदा नक्की फायद्याचा आहे.

चूक ५: वीज गेली की अर्धी फाइल पुसून पुन्हा पहिल्यापासून

टीसीपीचं आश्वासन त्या एका कनेक्शनपुरतं असतं. राउटर बंद पडला की ते संपलं, उरलेली फाइल मागणं हे डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रामचं काम. क्रोममध्ये `.crdownload` नावाची फाइल पुसू नका, डाउनलोडच्या यादीतून 'रिझ्यूम' करून पाहा. कमांडनं करायचं असेल तर, जिथे याच नावाची अर्धी फाइल आहे त्याच फोल्डरमधून, पत्त्याच्या जागी खरा पत्ता घालून:

```
curl -C - -O https://example.com/file.zip
```

सर्व्हरनं मधून द्यायची सोय ठेवली असेल तरच हे चालतं. फाइल पूर्ण झाल्यावर, संकेतस्थळावर फाइल जशीच्या तशी आली का हे ताडण्याचा एसएचए-२५६ आकडा दिलेला असेल तर विंडोजमध्ये तो ताडून पाहा:

```
certutil -hashfile file.zip SHA256
```

टीसीपीची स्वतःची तपासणी फक्त १६ बिटांची आहे. क्वचित एखादा बिघाड तिच्यातून निसटतो, आणि अर्ध्यावर तुटलेली फाइल कधीकधी पूर्ण झाल्यासारखी दिसते.

फाइल नेहमी टीसीपीवरूनच येते असंही आता राहिलेलं नाही. एचटीटीपी-३ ही वेबवरून पानं आणि फाइल आणण्याची नवी पद्धत २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विकवर चालते, आणि क्विक यूडीपीवर. हरवलेलं पुन्हा पाठवण्याचं काम तिथे क्विक स्वतः करतं. त्यामुळे राउटरच्या नोंदीत पोर्ट ४४३ वर यूडीपीची मोठी वाहतूक दिसली तर घाबरून ती अडवू नका. बहुतेक वेळा तो कुणाचा तरी व्हिडिओ किंवा फाइलच असते.