या चुका टाळा: फोटोतली घन बहुपदी, बाकी आणि उरलेले अवयव

परीक्षा जवळ आली की वर्कशीटचे फोटो यायला लागतात. घडी पडलेला कागद, त्यावर मोबाइलची सावली, आणि खाली एक ओळ: "सर, बाकी शून्य येत नाहीये." मग मुलं तोच भागाकार पुन्हा पुन्हा करत बसतात. फोटो मोठा करून बघायचं मात्र कुणाला सुचत नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच आहे. एका विद्यार्थिनीने पाठवलेलं गणित असं होतं: (x − 3) हा अवयव आहे हे शेष सिद्धांताने तपासा, संश्लेषक पद्धतीने भागा आणि उरलेले अवयव काढा. बहुपदी तिने वहीत उतरवली होती ती अशी: 2x³ + 3x² − 11x + 6. भागाकार तिने नीट केला होता.

```
3 |  2    3   -11    6
  |       6    27   48
  --------------------
     2    9    16   54
```

बाकी 54. शेष सिद्धांत सांगतो की p(x) ला (x − 3) ने भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे p(3). तीही तिने काढली होती: 54 + 27 − 33 + 6, म्हणजे पुन्हा 54. आता इथे थांबायला हवं होतं. पण "अवयव आहे" असं प्रश्नातच म्हटलंय ना, मग तिने 54 खोडून सरळ 0 लिहिलं आणि 2x² + 9x + 16 चे अवयव पाडायला बसली. 32 चे असे दोन भाग हवेत की बेरीज 9 येईल. 1 आणि 32, 2 आणि 16, 4 आणि 8, एकही जोडी बसत नाही. मग मला मेसेज: "मधलं पद फुटत नाही."

ते फुटणारच नाही. असा प्रसंग आला की आधी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा. भागाकारातली बाकी आणि p(3) वेगवेगळ्या आल्या, तर आकडेमोड चुकली, वही तपासा. दोन्ही सारख्या आल्या पण शून्य नाहीत, आणि प्रश्न मात्र अवयव आहे म्हणतोय, तर आकडेमोडीला दोष देऊ नका. तुम्ही उतरवलेली बहुपदीच बहुधा वेगळी आहे, फोटो तपासा. (प्रश्नात नुसतं "बाकी काढा" असेल तर 54 हे बिनतक्रार उत्तर आहे. प्रत्येक गणिताची बाकी शून्यच यायला पाहिजे हा समज कुठून आलाय कोण जाणे.)

गंमत म्हणजे चूक साधारण कुठे असेल तेही बाकीच सांगते. एखाद्या पदाचं चिन्ह उलटं वाचलं गेलं, तर p(3) ची किंमत त्या पदाच्या दुपटीने बदलते. x² च्या पदाची किंमत इथे 3 × 9 = 27, दुप्पट 54. 11x चं चिन्ह उलटलं असतं तर फरक 66 पडला असता, शेवटच्या 6 चं असतं तर 12. आपल्याकडे बरोबर 54 जास्त आहेत, म्हणून संशय 3x² च्या आधीच्या चिन्हावर. फोटो मोठा केला तर कागदाची घडी नेमकी त्याच जागेवरून गेली होती. उणे चिन्ह घडीत बुजलं होतं आणि तिने अंदाजाने अधिक लिहिलं होतं.

पण एवढ्यावर प्रश्न आपल्या मनाने दुरुस्त करू नका. पहिल्या पदातला 2 चुकून 4 वाचला असता तरी फरक 54 च आला असता, कारण 2 × 27 = 54. बाकी फक्त दिशा दाखवते. खात्री मूळ कागदाचा नवा, सपाट फोटो मागवूनच करायची. मी तो फोटो आल्याशिवाय गणिताला हातच लावत नाही.

नवा फोटो आला, बहुपदी निघाली 2x³ − 3x² − 11x + 6.

```
3 |  2   -3   -11    6
  |       6     9   -6
  --------------------
     2    3    -2    0
```

भागाकार 2x² + 3x − 2. मधलं पद 4x − x असं फोडलं की 2x(x + 2) − 1(x + 2), म्हणजे (x + 2)(2x − 1). सगळे मिळून (x − 3)(x + 2)(2x − 1).

दुसरी माझी नावडती चूक याच बहुपदीत दाखवता येते. समजा प्रश्नात (2x − 1) हा अवयव दिला असता. मुलं डावीकडे 1/2 घेतात, ते बरोबरच आहे. खाली येतं 2, −2, −12, 0. मग उत्साहाने लिहितात: (2x − 1)(2x² − 2x − 12). बाकी शून्य आली ना, मग झालं! पण पहिली पदं गुणून बघा, 4x³ येतंय. आपली बहुपदी तर 2x³ ने सुरू होते. कारण साधं आहे: 1/2 घेऊन आपण (x − 1/2) ने भागलं, (2x − 1) ने नाही. भाजक दुप्पट केला की भागाकार निम्मा करायलाच हवा: x² − x − 6, म्हणजे (x − 3)(x + 2). बाकी बदलत नाही, म्हणून ही चूक बाकी बघून पकडताच येत नाही. त्यासाठी माझी सवय अशी की शेवटी सगळ्या अवयवांची पहिली पदं गुणायची आणि स्थिरपदंही गुणायची. इथे x · x · 2x = 2x³ आणि (−3)(2)(−1) = 6. मधल्या दोन पदांची हमी यातून मिळत नाही, पण या दोन गुणाकारांना फारसा वेळही लागत नाही. तेवढाही वेळ नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

गैरहजर पदाचं शून्य विसरू नका. x³ − 7x + 6 चं सहगुणक रूप 1, 0, −7, 6 आहे. शून्य गाळून (x − 2) ने भागलंत तर बाकी −4 येते, आणि p(2) मात्र 0. इथे दोन उत्तरं जुळत नाहीत, म्हणजे वही तपासायची.

भाजक (x + 2) असेल तर डावीकडे −2. खालच्या ओळीत बेरीज करायची. वजाबाकी लांब भागाकारात असते. शेवटचा आकडा बाकीचा आहे, तो भागाकारात घुसवू नका.

नुसती p(3) = 0 काढून "उरलेले अवयव कसे काढू" असं विचारणारेही भेटतात. शेष सिद्धांत बाकी देतो, भागाकार देत नाही. त्यासाठी आकड्यांची ती ओळ मांडावीच लागते.

आणि "उरलेले अवयव" म्हटलं की दोन अवयव निघालेच पाहिजेत असं नाही. x³ − 1 ला (x − 1) ने भागलं की उरतो x² + x + 1. याचा b² − 4ac = −3, म्हणून वास्तव सहगुणक घेऊन त्याचे आणखी अवयव पडत नाहीत. उत्तर (x − 1)(x² + x + 1) इथेच थांबतं.