पॉडकास्टच्या जाहिरातीचा हिशेब : कोड मोजताना या चुका टाळा

लातूरची तूरडाळ घरपोच विकणाऱ्या एका दुकानाची पॉडकास्टवरची जाहिरात मी सांभाळत होतो. श्रोत्यांनी ऑर्डर देताना टाकायचा सवलतीचा कोड होता `TUR20`, म्हणजे जाहिरात ऐकून किती जण आले ते मोजता येईल. पहिल्याच आठवड्यात अंबाजोगाईहून एका ताईंचा फोन आला, "दादा, तुमचा कोड चालंना." त्यांनी टाकलं होतं `TOOR20`. चूक आमची होती. कानाने ऐकलेला शब्द प्रत्येक जण आपापल्या स्पेलिंगने लिहितो. म्हणून कोड ठरवण्याआधी पाच-सहा जणांना तो नुसता ऐकवा आणि टाइप करायला सांगा. जितकी स्पेलिंगं निघतील, तितकी सगळी चालू ठेवा.

त्याहून मोठी चूक म्हणजे कोड वापरणारे तेवढेच पॉडकास्टमुळे आलेले, असं धरणं. गाडी चालवताना ऐकणारा माणूस दोन दिवसांनी दुकानाचं नाव शोधून डाळ मागवतो, तेव्हा कोड त्याच्या लक्षातही नसतो. यासाठी पैसे भरून झाल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न विचारा : "आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?" "पॉडकास्ट ऐकून आलात का?" असं विचारू नका, आपली माणसं भिडेखातर हो म्हणतात. उत्तरांच्या पर्यायांचा क्रम दर वेळी बदलता ठेवा. फोनवर ऑर्डर देणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा, नाहीतर ते हिशेबातून सुटतात.

आमच्याकडे महिन्यात 400 ऑर्डरी आल्या, त्यातल्या 24 कोडच्या. प्रश्नाला 250 जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या 40 जणांनी पॉडकास्ट सांगितलं, पण त्यांच्यापैकी कोड वापरलेले फक्त 10. म्हणजे कोडवाल्या एका श्रोत्यामागे एकूण चार श्रोते. दुकानदारांनी लगेच 24 गुणिले 4 करून 96 ऑर्डरी धरल्या.

इथेच घात होतो. उत्तर देणाऱ्यांत कोडवाले एकूण 15 होते आणि त्यातल्या पाच जणांना कोड व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाला होता. कोड फुटला होता. खरे श्रोते दोन तृतीयांश, म्हणजे 24 पैकी 16. त्यांची चौपट 64. पडताळून पाहा : 250 मध्ये 40 म्हणजे 16 टक्के, आणि 400 चे 16 टक्केही 64 च. जाहिरातीचा खर्च होता 16,000 रुपये. ऑर्डरमागे तो 24 धरले तर 667 रुपये पडतो, 96 धरले तर 167, आणि 64 धरले तर 250.

हा 64 चा आकडाही अंदाजच आहे. उत्तर न देणारे 150 जण बाकीच्यांसारखेच आहेत, असं आपण त्यात मानलेलं असतं. शिवाय 10 जणांवरून काढलेली चौपट दोन-तीन माणसांनी इकडेतिकडे होते. दोन-तीन महिन्यांची उत्तरं एकत्र करा, मगच तिच्यावर भिस्त ठेवा.

कोड फुटल्याचं कळलं की पुढच्या भागापासून नवा द्या. जुना मात्र बंद करू नका. जुन्या भागांत तोच ऐकू येत राहतो आणि लोक ते भाग महिन्यांनीही ऐकतात. त्याची मोजणी वेगळी ठेवा.