गड्ड्याची थंडी, मे महिन्यातली हरवलेली सावली: ऋतूंचं कारण गच्चीवर कसं तपासावं

सोलापुरात जानेवारीच्या मध्याला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत आपण स्वेटर घालून फिरतो, त्याच्या आठ-दहा दिवस आधीच सूर्य आपल्याला वर्षातला सर्वांत जवळ येऊन गेलेला असतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हे अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असतं, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. ऋतू अंतरामुळे होत असते तर आपल्याला थंडी जुलैत वाजली असती. खरं कारण एका काठीने सापडतं.

सरळ काठी पाटावर खिळ्याने ठोकून उभी करा. टोक फरशीपासून १०० सेंटीमीटर उंच हवं. ओळंबा सोडून काठी तपासाच, कारण ती पाच अंश कलली तरी सावली आठ-नऊ सेंटीमीटरने चुकू शकते. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो. तो टाळून सपाट जागा निवडा.

आता वेळ. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्याशी आला, असं धरू नका. भारताची प्रमाणवेळ सोलापूरच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावरून ठरते, त्यामुळे इथली खरी दुपार डिसेंबरात १२.२५ च्या सुमारास होते. म्हणून १२.१० पासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सर्वांत आखूड सावली तेवढी वहीत लिहा.

२२ डिसेंबरला ती सुमारे ८७ सेंटीमीटर भरेल. ४ जानेवारीला, सूर्य सर्वांत जवळ असतानाही, ८५. २१ मार्चला ३२ आणि १०-११ मेच्या सुमारास चक्क शून्य. सूर्य पन्नासेक लाख किलोमीटर पुढेमागे झाल्याने सावलीची लांबी बदलत नाही. ती बदलते सूर्याच्या उंचीमुळे, आणि ही उंची बदलते कारण पृथ्वीचा अक्ष २३.४ अंश कललेला आहे. वर्षभर तो ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला राहतो, त्यामुळे डिसेंबरात आपला उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर झुकतो आणि जूनमध्ये त्याच्याकडे.

तिरप्या उन्हाने काय होतं ते रात्री टॉर्चने पाहा. सरळ धरला तर फरशीवर लहान, झगझगीत गोल पडतो. तिरपा धरला की तोच उजेड लांबट पसरून फिका होतो. डिसेंबरातल्या दुपारी सोलापूरच्या जमिनीच्या एका चौरस मीटरला, माथ्यावरच्या उन्हाच्या मानाने, सुमारे पाऊणपटच ऊन मिळतं. शिवाय दिवस ११ तासांचा, जूनमधल्यापेक्षा दोन तासांनी लहान. जानेवारीतल्या जवळिकीने जुलैच्या मानाने ऊन जेमतेम सात टक्के वाढतं, ते या तुटीपुढे पुरत नाही.

मात्र ही काठी तापमान सांगत नाही. जूनमध्येही सूर्य जवळपास माथ्यावरच असतो, पण ढग येतात आणि उकाडा कमी होतो. म्हणून आपला कडक उन्हाळा मेमध्ये.

मे महिन्याच्या मध्यानंतर काठी काढून ठेवू नका. दुपारची सावली आता दक्षिणेला पडू लागते. २१ जूनला ती दहाएक सेंटीमीटर असते. २-३ ऑगस्टच्या सुमारास ती पुन्हा शून्य होते. तेव्हा आभाळ उघडलं तर गच्चीवर धावत जा.