नंबर बदलताय? आधी जुन्या फोनवर काम उरका

पंचवटीतल्या काकूंनी नवा फोन आणि नवं सिम एकदमच घेतलं आणि नव्या नंबरने थेट व्हॉट्सअॅप सुरू केलं. बॅकअप सापडेना. सापडणार कसा? अँड्रॉइडवर तो गुगल अकाउंट आणि फोन नंबर या दोन्हींशी जोडलेला असतो.

चॅट गेलेले नव्हते, कारण जुन्या फोनवर जुनं खातं तसंच चालू होतं. तिथे Settings, Account, Change number असं जाऊन आधी जुना, मग नवा नंबर टाकला. कोड नव्या सिमवर येतो, म्हणून ते चालू हवं. नव्या फोनवरचं व्हॉट्सअॅप यामुळे आपोआप बंद पडतं; घाबरू नका. ग्रुपमध्ये बदल आपोआप कळतो, बाकीच्यांना कळवायचं का ते तिथेच निवडता येतं.

त्यानंतरच जुन्या फोनवर ताजा बॅकअप घ्यायचा. नंबर बदलण्याआधीचा चालत नाही, नेमकं इथेच बरेचजण फसतात. मग नव्या फोनवर तेच गुगल अकाउंट ठेवून अॅप काढून पुन्हा टाकायचं, कारण Restore चा पर्याय फक्त सुरुवातीलाच विचारला जातो.

जुना फोन एक्सचेंजमध्ये देण्याची घाई मात्र करू नका.