भक्तिगीतांच्या चॅनलवर पुढचा विषय कसा ठरवावा

आमचं चॅनल मालवण-कुडाळ भागातलं. आरत्या, स्तोत्रं आणि गावोगावच्या जत्रा असे तीनच विषय. नवीन माणूस कामाला बसला की आधी व्ह्यूज बघतो. जत्रेच्या व्हिडिओला ते येतातच, त्यावरून पुढचं काही ठरत नाही. यूट्यूब स्टुडिओत तो व्हिडिओ उघडून Average view duration बघायचं.

इथेही एक फसगत असते. आमचा आरतीसंग्रह बारा मिनिटांचा, सरासरी पाहणी पाच मिनिटं. मंत्रपुष्पांजलीचा व्हिडिओ चार मिनिटांचा, सरासरी तीन. मिनिटं मोजली तर संग्रह जिंकतो, टक्केवारीत मात्र तो बेचाळीसच्या आसपास राहतो आणि पुष्पांजली पंचाहत्तरवर जाते. त्यातही छोटा व्हिडिओ टक्केवारीत सहसा पुढेच असतो, म्हणून साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशीच तुलना करावी. शिवाय संग्रह लावून फोन देवघरात ठेवला की आरती संपेपर्यंत तो चालूच राहतो, पडद्याकडे कोणी बघो वा न बघो. असा विषय बंद करायचं कारण नाही, पण त्याच्यासाठी नवीन चित्रीकरणाचा खर्चही नको.

खरी माहिती खालच्या आलेखात मिळते. व्हिडिओच्या कुठल्या क्षणाला किती जण बघत होते, ते त्याची रेघ दाखवते. पुष्पांजलीत ‘साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं पारमेष्ठ्यं राज्यं’ इथे रेघ टेकडीसारखी वर उठली होती. अशा उंचवट्याआधी खड्डा असेल तर लोक मधला भाग ओलांडून तिथे आले असण्याची शक्यता जास्त. इथे खड्डा नव्हता, म्हणजे लोक मागे जाऊन तेच पुन्हा ऐकत होते. आवडलं म्हणून की जीभ अडखळते म्हणून, हे आलेख सांगत नाही. ती ओळ स्वतः म्हणून बघा, कळेल! कमेंटमध्येही ‘जरा सावकाश म्हणा’ हेच होतं.

जत्रेच्या व्हिडिओतही उंचवटा होता, पण देवीच्या दर्शनाच्या काही सेकंदांवर, आणि त्याआधी खोल खड्डा. रस्ता, गर्दी, दुकानं लोक सरळ ओलांडत होते. मला स्वतःला ती दुकानंच आवडतात, पण ते असो. जत्रा आता आम्ही दर्शनापुरती छोटी करतो.

तारखांचा एक नियम मात्र पाळा. भाद्रपदातले आकडे मार्गशीर्षाशी लावू नका. यंदाचा गणपती गेल्या वर्षीच्या गणपतीशीच ताडून बघा, आणि व्हिडिओ टाकल्यावर आलेख भरायला दोन-तीन दिवस द्या.

पुष्पांजलीची मालिका चालू ठेवली. एका भागात दोनच ओळी, प्रत्येक शब्द तोडून, मग सलग. भाग श्रावणातच टाकतो, म्हणजे मुंबईचे चाकरमानी चतुर्थीला गावी येईपर्यंत त्यांचा सराव झालेला असतो.