अलार्म लावला होता, तरी वाजला का नाही?

सकाळी साडेपाचचा अलार्म वाजत नाही, आणि सहा वाजता फोन हातात घेतला की लगेच वाजायला लागतो. असं होत असेल तर दोष बहुधा बॅटरी बचतीचा असतो. अँड्रॉइड फोन रात्री चार्जरवर नसताना, स्क्रीन बंद, न हलता पडून राहिला की गाढ झोपेत जातो आणि अॅप्सची कामं पुढे ढकलतो. फोनमधल्या मूळ घड्याळाला सहसा यातून सूट असते. वेगळं डाउनलोड केलेलं अलार्म अॅप मात्र अडकू शकतं. म्हणून दोन मिनिटांनंतरचा अलार्म लावून केलेली चाचणी फसवी ठरते, कारण तेवढ्यात फोन झोपलेलाच नसतो. फोन चार्जरवरून काढून, दोनेक तास न हलवता ठेवून मग तपासा.

उपाय असा: सेटिंग्जमध्ये त्या अॅपच्या पानावर जाऊन बॅटरीसाठी Unrestricted निवडा. मग Special app access मध्ये Alarms & reminders ही परवानगी चालू आहे ना, ते बघा. अँड्रॉइड 12 पासून नेमक्या वेळी वाजण्यासाठी अशी वेगळी परवानगी आली आहे. नोटिफिकेशनही बंद नकोत. मेनूची नावं फोनप्रमाणे थोडी बदलतात.

अलार्म स्क्रीनवर दिसतो पण आवाज नाही, ही तक्रार वेगळी. अलार्मच्या आवाजाची पट्टी रिंगटोनपेक्षा स्वतंत्र असते. बाजूचं बटण बहुतेकदा गाण्यांचा आवाज बदलतं, त्यामुळे ही पट्टी शून्यावर राहिलेली लक्षातच येत नाही. सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये जाऊन ती वाढवा.